झिका, एडिस डास आणि बाळाचं लहान डोकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात २०२४ च्या पावसाळ्यात झिकाचे रुग्ण सापडायला लागले, आणि बाळाची चाहूल लागलेल्या प्रत्येक घरात तेच प्रश्न सुरू झाले. त्यातले नेहमी विचारले जाणारे इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे थोडक्यात सांगितलं की गैरसमज होतो.

झिका हा नवीन आजार आहे का?

नाही. १९४७ साली युगांडातल्या एंटेबेजवळच्या झिका नावाच्या जंगलात पिवळ्या तापाचा अभ्यास चालू होता. त्यासाठी झाडांवर पिंजऱ्यात माकडं ठेवली होती. त्यातल्या एका ऱ्हीसस माकडाला ताप आला आणि त्याच्या रक्तात हा विषाणू मिळाला. पुढच्याच वर्षी त्याच जंगलातल्या एडिस डासांतही तो सापडला. नंतरची साठ वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही, कारण त्यानं होतं ते काय, तर चार दिवस अंगावर पुरळ आणि बारीक ताप. २००७ मध्ये प्रशांत महासागरातल्या याप बेटावर पहिली मोठी साथ आली. तीन वर्षांवरील जवळजवळ तीन चतुर्थांश बेटकऱ्यांना लागण झाली, तरी कुणी दगावलं नाही. बाळांवरचा परिणाम जगाच्या लक्षात आला तो २०१५ मध्ये, ब्राझीलमध्ये.

म्हणजे डेंग्यूचाच डास ना हा?

हो, तोच. मुख्यतः एडिस इजिप्ती, आणि काही प्रमाणात त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस. काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी त्याचा जोर जास्त. चावते ती फक्त मादी, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं. आणि ही मादी बिलंदर असते. थोडं रक्त पिते, हुसकावलं की उडते आणि शेजारच्याला चावते. एका वेळचं पोट भरण्यात ती घरातल्या दोन-तीन जणांपर्यंत पोहोचू शकते.

झिकाच्या रुग्णाला चावलेला डास लगेच मला चावला तर मला झिका होईल का?

लगेच नाही, आणि हे समजून घेण्यासारखं आहे. इंजेक्शनच्या सुईला लागलेलं रक्त पुढच्या माणसाला जातं, तसं डासाच्या सोंडेतून होत नाही. रुग्णाचं रक्त आधी डासाच्या पोटात जातं. तिथल्या पेशींमध्ये विषाणू शिरतो, वाढतो, मग शरीरभर पसरतो आणि शेवटी लाळेच्या ग्रंथींमध्ये पोहोचतो. याला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. त्यानंतर ती मादी चावताना जी लाळ सोडते तिच्यासोबत विषाणू आपल्या अंगात येतो. मग ती मरेपर्यंत, म्हणजे आणखी आठवडा-दोन आठवडे, लागण करू शकते.

यातून दोन गोष्टी निघतात. रुग्ण सापडला की त्याच्या आसपासची घरं तपासायची, तीही पुढचे काही आठवडे. हा डास फार लांब उडत नाही, जास्तीत जास्त चारशे मीटरच्या आसपास. त्यामुळे आरोग्य खात्याची माणसं एका रुग्णासाठी अख्खी गल्ली का पालथी घालतात, ते कळेल. दुसरं म्हणजे रुग्णानंही आजार सुरू झाल्यानंतरचा पहिला आठवडा मच्छरदाणीत काढायला हवा. त्या दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो आणि डासाला तो तिथूनच मिळतो.

मला ताप आलाच नाही, मग झिका झाला असं कसं म्हणता?

लागण झालेल्या बहुतेकांना, साधारण पाचांपैकी चौघांना, काहीच जाणवत नाही. ज्यांना जाणवतं त्यांना डास चावल्यावर तीन ते चौदा दिवसांत बारीक ताप, खाज सुटणारं पुरळ, लाल डोळे, सांधेदुखी, डोकेदुखी असं काहीबाही होतं आणि आठवड्याभरात बरं वाटतं.

गरोदर बाईच्या बाबतीत घोळ इथेच होतो. आईला किती त्रास झाला यावरून बाळाला किती धोका आहे, ते ठरत नाही. अमेरिकेत लागण झालेल्या गरोदर स्त्रियांची नोंदवही ठेवली गेली. त्यात लक्षणं असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही गटांत बाळांमधल्या दोषांचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. “मला तर शिंकही आली नव्हती” असं म्हणणाऱ्या आईचं बाळही तपासावं लागतं.

झिकाचा आणि बाळाच्या डोक्याचा संबंध पहिल्यांदा कुणी जोडला?

ब्राझीलच्या ईशान्येला पर्नांबुको राज्य आहे, रेसिफे ही त्याची राजधानी. तिथे वानेसा आणि आना वान डर लिंडेन या माय-लेकी दोघी मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञ. २०१५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोघींना आपापल्या रुग्णालयात खूप लहान डोक्याची बाळं दिसायला लागली. असं बाळ एरवी अधूनमधून एखादं दिसायचं, आता एकामागून एक येऊ लागली. गर्भात लागण करणाऱ्या जंतूंच्या नेहमीच्या तपासण्या, म्हणजे रुबेला, टॉक्सोप्लाझ्मा, सायटोमेगॅलो विषाणू, कशातच काही सापडेना. बाळांच्या मेंदूची चित्रंही नेहमीच्या आजारांसारखी नव्हती. आयांना विचारलं तर बऱ्याच जणी म्हणाल्या, पहिल्या काही महिन्यांत अंगावर पुरळ आलं होतं. त्या वर्षाच्या सुरुवातीला त्या भागात झिकाची साथ येऊन गेली होती.

पुढचा दुवा शेजारच्या पराईबा राज्यात मिळाला. कांपिना ग्रांदे गावातल्या डॉ. आद्रियाना मेलो गर्भाची सोनोग्राफी करायच्या. त्यांनी गर्भाचं डोकं लहान दिसणाऱ्या दोन गरोदर बायकांचं गर्भजल काढून रिओच्या प्रयोगशाळेत पाठवलं. दोन्हीत झिकाचा विषाणू मिळाला. ११ नोव्हेंबर २०१५ ला ब्राझीलनं राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आंतरराष्ट्रीय.

पण दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं कसं म्हणायचं?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि बरोबरच होता. त्याला सर्वांत ठोस उत्तर युरोपातल्या एका प्रकरणातून मिळालं. ते जरा सविस्तर सांगतो.

पंचवीस वर्षांची एक युरोपीय तरुणी ब्राझीलच्या नाताल शहरात कामाला होती. तिथेच ती गरोदर राहिली. पहिली तिमाही संपत असताना, तेराव्या आठवड्यात, तिला जोराचा ताप आला, अंगभर खाजरं पुरळ उठलं, स्नायू आणि डोळ्यांमागे दुखायला लागलं. काही दिवसांत बरी झाली. चौदाव्या आठवड्यातली सोनोग्राफी ठीक होती. विसाव्या आठवड्यातलीही ठीक. अठ्ठाविसाव्या आठवड्यात ती युरोपात परतली. एकोणतिसाव्या आठवड्यात पहिल्यांदा काहीतरी बिघडल्याची चिन्हं दिसली आणि बाळाची हालचालही कमी झाली होती. बत्तिसाव्या आठवड्यात डोकं वयाच्या मानानं फार लहान होतं आणि मेंदूत ठिकठिकाणी कॅल्शियमचे ठिपके होते. तिनं गर्भपाताची विनंती केली, स्लोव्हेनियातल्या समित्यांनी ती मान्य केली.

स्लोव्हेनियाच्या राजधानीत, लुब्लियाना इथे शवविच्छेदन झालं. बाळाच्या डोक्याचा घेर २६ सेंटीमीटर होता आणि मेंदूचं वजन फक्त ८४ ग्रॅम. त्या वयात मेंदूवर वळ्या दिसायला हव्यात, इथे तो जवळजवळ सपाट होता. मेंदूत झिकाचा विषाणू भरपूर सापडला, इतका की त्याची संपूर्ण जनुकीय साखळी वाचता आली. इतर अवयव तपासले तर बिघाड प्रामुख्यानं मेंदूतच होता. रुबेला, सायटोमेगॅलो, डेंग्यू यांच्या चाचण्या नकारात्मक आल्या. असे एकेक धागे जुळवून एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं जाहीर केलं की झिकामुळे बाळांमध्ये मायक्रोसेफली, म्हणजे वयाच्या मानानं डोकं फार लहान असणं, आणि मेंदूचे इतर गंभीर दोष होतात.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती मधल्या आठवड्यांची गोष्ट. विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी चांगली होती, म्हणजे लागण होऊन सात आठवडे झाले तरी काही दिसत नव्हतं.

विषाणू आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचतो कसा? मध्ये वार असते ना?

वार हा चांगला पहारेकरी आहे. बहुतेक जंतूंना ती अडवते. गरोदरपण पुढे सरकतं तसा तिचा बाहेरचा थर विषाणूंना अधिक दाद देईनासा होतो. पहिल्या महिन्यांत मात्र हा बंदोबस्त पुरा झालेला नसतो.

वारेच्या बाळाकडच्या बाजूला हॉफबॉअर पेशी नावाच्या संरक्षक पेशी असतात. त्यांचं काम आलेला जंतू गिळून संपवण्याचं. प्रयोगशाळेत असं दिसलं की झिका त्यांच्यात शिरतो आणि त्यांना न मारता आत वाढतो. पहारेकऱ्यालाच वाहन करून तो पुढे सरकतो, म्हणा ना. तिथून तो बाळाच्या रक्तात आणि मग मेंदूत पोहोचतो.

मग नेमका मेंदूवरच घाला का?

इथे जरा वेळ देऊया, कारण “लहान डोकं” या शब्दांनी खरी गोष्ट झाकली जाते.

सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूचा बाहेरचा थर अजून तयार व्हायचा असतो. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांच्या भिंतीलगत मूळ पेशींची एक रांग असते. या पेशी विभागत राहतात. काही नव्या पेशी मूळ पेशीच राहतात, म्हणजे बीज शिल्लक राहतं, आणि काही मज्जापेशी बनायला निघतात. याच मूळ पेशींना लांब तंतू असतात, ते आतल्या भिंतीपासून मेंदूच्या बाहेरच्या कडेपर्यंत गेलेले असतात. नव्या मज्जापेशी त्या तंतूंना धरून वर चढतात आणि आपापल्या थरात जाऊन बसतात. म्हणजे पेशी पुरवणारी आणि त्यांना वाट दाखवणारी, दोन्ही कामं एकाच पेशीची.

झिकाला नेमक्या याच पेशी आवडतात. २०१६ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काचेच्या बशीत वाढवलेल्या मानवी मूळ मज्जापेशींवर विषाणू सोडला. तीन दिवसांत बहुतेक पेशींत तो शिरलेला होता. काही पेशी मेल्या, उरलेल्यांची विभागणी मंदावली. पूर्ण वाढलेल्या मज्जापेशींना मात्र त्यानं तितकं धरलं नाही. त्याच सुमारास रिओमधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या, मेंदूसारख्या पेशीसमूहांवर प्रयोग केला. झिका दिलेल्या समूहांची वाढ सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली. तोच प्रयोग डेंग्यूच्या विषाणूनं केला तेव्हा लागण झाली, पण तशी हानी झाली नाही. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, एकाच डासातून येणारे, आणि तरी हा फरक.

पेशीच्या आत काय होतं त्याचेही काही तपशील कळले आहेत. विषाणूची काही प्रथिनं पेशीला वाढीचा निरोप देणारी यंत्रणा दाबतात आणि पेशी स्वतःलाच पचवायला लागते. जिवंत राहिलेल्या काही मूळ पेशी घाईनं मज्जापेशी बनतात. असं झालं की बीज संपतं आणि पुढच्या पिढ्याच येत नाहीत. तंतूंची चौकट मोडली की वर चढणाऱ्या पेशींची वाटही मोडते. म्हणून मेंदू नुसता लहान होत नाही, त्याची रचनाही बिघडते. वळ्या कमी, पोकळ्या मोठ्या, मेलेल्या पेशींच्या जागी कॅल्शियमचे ठिपके. काही बाळांत हे ठिपके मेंदूचा बाहेरचा थर आणि त्याखालचा पांढरा भाग जिथे मिळतात नेमके तिथे असतात. तज्ज्ञाला ते पाहून झिकाची शंका येते.

म्हणजे कवटी नीट वाढली नाही म्हणून मेंदू लहान राहतो असं नाही?

उलट आहे. बाळाच्या कवटीची हाडं सुटी असतात, मध्ये शिवणी असतात. आतून मेंदू वाढतो तसा त्यांच्यावर दाब येतो आणि त्या दाबानं हाडं फाकतात, वाढतात. मेंदूच वाढायचा थांबला तर कवटीला वाढायचं कारण राहत नाही.

झिकाच्या काही बाळांमध्ये याहून वेगळं दिसलं. डोकं आधी बऱ्यापैकी वाढलेलं असतं आणि मग आतला मेंदू आक्रसतो. त्यामुळे कवटीची हाडं एकमेकांवर चढतात, आणि त्वचा मात्र आधीच्या आकाराची असल्यानं डोक्यावर तिच्या घड्या पडतात. अशा घड्या दिसल्या की डॉक्टरांच्या लक्षात येतं की हे मुळातच लहान घडलेलं डोकं नाही, काहीतरी मध्येच बिघडलं आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी “टाळू लवकर भरली” म्हणून कवटीला दोष देण्याआधी हे लक्षात घ्यावं.

किती सेंटीमीटरपेक्षा कमी घेर असला की काळजी करायची?

पूर्ण दिवसांच्या बाळासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार मुलगा असेल तर ३१.९ सेंटीमीटर किंवा कमी आणि मुलगी असेल तर ३१.५ किंवा कमी, हा घेर मायक्रोसेफलीत धरला जातो. बाळ दिवस भरण्याआधीच जन्मलं असेल तर हे आकडे लावायचे नाहीत, त्याच्या आठवड्यांप्रमाणे वेगळा तक्ता असतो.

मोजमाप सोपं आहे, तरीही चुकतं. न ताणणारी टेप हवी, ती भुवयांच्या जरा वरून आणि डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून जायला हवी. जन्माच्या वेळी डोकं दाबलं गेलेलं असू शकतं, म्हणून पहिल्या दिवसानंतर पुन्हा मोजतात. ब्राझीलमध्ये सुरुवातीला मर्यादा ३३ सेंटीमीटर ठेवली होती. त्यामुळे कितीतरी निरोगी बाळं यादीत आली आणि आईबापांची झोप उडाली. डिसेंबर २०१५ मध्ये ती ३२ वर आणली, नंतर वरच्या आकड्यांवर. आईबाप दोघेही ठेंगणे, घरात सगळ्यांचीच डोकी लहान, असंही असतं. एका आकड्यावरून निदान होत नाही. आणि डोकं लहान असण्याला झिकाशिवाय रुबेला, सायटोमेगॅलो, जनुकीय दोष, गरोदरपणातली दारू अशी अनेक कारणं असतात.

जन्मतः घेर बरोबर होता. आता सुटलो म्हणायचं का?

दुर्दैवानं नाही. पर्नांबुको आणि सेआरा या राज्यांतली तेरा बाळं २०१६ मध्ये नोंदली गेली. त्यांना गर्भात झिकाची लागण झाली होती, पण जन्मतः डोकं मायक्रोसेफलीच्या मर्यादेच्या वर होतं. पुढच्या महिन्यांत सगळ्यांच्या डोक्याची वाढ मंदावली आणि त्यातल्या अकरा जणांना मायक्रोसेफली झाली. मेंदूचं चित्र काढलं तेव्हा दोष आधीपासूनचे होते. घेराव्यतिरिक्त डोळ्याच्या पडद्यावरचे डाग, कानाला कमी ऐकू येणं, सांधे आखडणं, फिट्स, गिळताना अडचण हेही असतं. म्हणून या सगळ्याला मिळून जन्मजात झिका लक्षणसमूह म्हणतात. आईला लागण झाली असेल तर बाळाचे डोळे, कान आणि वाढ निदान पहिली दोन वर्षं तपासत राहावी लागते.

धोका किती? पोटात बाळ असताना झिका झाला तर बाळाचं डोकं लहान होणारच का?

नाही, बहुतेक बाळं ठीक जन्मतात. अमेरिकेच्या अखत्यारीतल्या बेटांवर केलेल्या नोंदीत लागण झालेल्या आयांच्या साधारण वीस बाळांपैकी एकात झिकाशी जोडता येणारा दोष होता. पहिल्या तिमाहीत लागण असेल तर बारा-तेरांपैकी एकात. प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशिया बेटांवरच्या साथीचा हिशेब नंतर मांडला तेव्हा पहिल्या तिमाहीतल्या लागणीनंतर मायक्रोसेफलीचं प्रमाण सुमारे एक टक्का आलं. काय मोजलं, कुणाला मोजलं यावर आकडा बदलतो, पण पहिल्या तीन महिन्यांत धोका सर्वाधिक हे सगळीकडे सारखं आहे. वर सांगितलेला मूळ पेशींचा कारभार तेव्हाच जोरात असतो. नंतरच्या महिन्यांत धोका कमी होतो, शून्य होत नाही.

पुण्यात २०२४ मध्ये काय झालं? इथला विषाणू सौम्य आहे असं ऐकलं.

महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये सापडला होता. जून २०२४ मध्ये पुण्यातल्या एरंडवण्यात एक डॉक्टर आणि त्यांची मुलगी बाधित निघाले, मग मुंढवा आणि इतर भाग. शेजारपाजारच्या गरोदर स्त्रियांचे नमुने घेतले तेव्हा त्यांच्यातही लागण आढळली. ३ जुलैला केंद्रानं सर्व राज्यांना पत्र पाठवून बाधित गरोदर स्त्रियांच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवायला सांगितलं. वर्षअखेरीस देशातल्या १५१ रुग्णांपैकी १४० महाराष्ट्रातले होते, त्यातले बहुतेक पुण्याचे.

डिसेंबरमधल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या टिपणात या साथीशी जोडलेलं मायक्रोसेफलीचं एकही बाळ नोंदलेलं नव्हतं. ते वाचून हायसं वाटतं, पण हिशेब करून पाहा. जुलैत दुसरा महिना चालू असलेली बाई बाळंत होणार फेब्रुवारीत. ज्या आयांना सर्वाधिक धोका, त्यांची बाळं तेव्हा जन्मलेलीच नव्हती. शिवाय वीसांत एक हा दर धरला तर काही डझन गरोदर स्त्रियांमध्ये एकही बाळ न मिळणं किंवा दोन-तीन मिळणं, दोन्ही योगायोगानं होऊ शकतं. त्यावरून विषाणू सौम्य ठरत नाही.

सौम्यपणाची चर्चा आली ती दुसरीकडून. २०१७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात विषाणूतल्या एका विशिष्ट बदलामुळे तो मेंदूला जास्त घातक होतो असं दिसलं. जयपूरच्या २०१८ च्या साथीतल्या विषाणूत तो बदल नव्हता. पण थायलंडमधल्या मायक्रोसेफलीच्या एका प्रकरणात मिळालेल्या विषाणूतही तो नव्हता. त्यामुळे त्या भरवशावर राहू नये.

गरोदर आहे, ताप आणि पुरळ आलंय. आता काय करू?

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि झिकाचं नाव तुम्हीच काढा, कारण पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात डेंग्यू येतो. आरटी-पीसीआर चाचणीसाठी रक्त पहिल्या आठवड्यात उपयोगी, लघवी दोन आठवड्यांपर्यंत. शक्यतो दोन्ही नमुने द्या, ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळेत जातात. उशीर झाला तर अँटीबॉडीची चाचणी उरते, आणि तिच्यात जुना डेंग्यू झिकासारखा दिसू शकतो. तापाला पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका.

लागण निघाली तर विषाणूवर औषध नाही, लसही नाही. करायचं ते म्हणजे तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफी, प्रत्येक वेळी डोक्याचा घेर आणि मेंदूची रचना बघत. एकच विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी करून फाइल बंद करायची नाही. नातालच्या त्या तरुणीचं काय झालं ते आठवा. दोष उशिरा कळला तर कायद्याचा प्रश्नही येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं गर्भपात करता येतो. करावा की नाही, हा निर्णय त्या बाईचा.

नवऱ्याला झिका झाला होता, मी गरोदर आहे. त्याचा काही संबंध?

आहे. विषाणू वीर्यात रक्तापेक्षा जास्त काळ टिकतो आणि संबंधातून लागण होते. बाळंतपणापर्यंत निरोध वापरा किंवा संबंध टाळा. बाळाचा विचार करत असाल तर पुरुषाला लागण झाली असल्यास तीन महिने आणि फक्त स्त्रीला झाली असल्यास दोन महिने थांबायला सांगतात. हे विचारायला लोक लाजतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

अळ्या मारायच्या औषधामुळेच डोकी लहान झाली, असा मेसेज आला होता.

२०१६ पासून फिरतोय. पायरीप्रॉक्सिफेन नावाचं अळीनाशक ब्राझीलमध्ये पाण्यात टाकलं जायचं, त्याच्यावर आळ आला. पण रेसिफे शहरात ते वापरलंच जात नव्हतं आणि बाळं तिथेच सर्वांत आधी सापडली. वर सांगितलेल्या बाळाच्या मेंदूत जे मिळालं तेही औषध नव्हे, विषाणू होता.

घरात नेमकं काय करायचं? फवारणी तर होते.

धुराच्या फवारणीनं उडणारे डास मरतात, अळ्या आणि अंडी तशीच राहतात. अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण सात ते दहा दिवस जातात. म्हणून कोरडा दिवस आठवड्यातून एकदा, महिन्यातून नव्हे. पिंप, रांजण, हौद रिकामे करायचे आणि आतून घासायचे. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून पुन्हा भरलं तर ती पुन्हा उबतात. फ्रीजच्या मागचा ट्रे, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीतलं टायर, नारळाच्या करवंट्या, बांधकामावरच्या टाक्या बघा. मोठा हौद रिकामा करता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडा.

गरोदर बाईनं दिवसा झोपतानाही मच्छरदाणी लावावी, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं मलम वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणे वापरलं तर गरोदरपणात चालतं.

बाळाला अंगावर पाजू का?

पाजा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तोच आहे. दुधात विषाणूचे अंश सापडले आहेत, तरी स्तनपानाचा फायदा जास्त आहे.

एकदा झिका होऊन गेला. पुढच्या वेळी बाळाला धोका राहील का?

शरीरातून विषाणू गेला की पुढच्या गर्भाला त्याचा त्रास होतो असं आढळलेलं नाही, आणि एकदा लागण झाली की पुन्हा होण्यापासून बहुधा संरक्षण मिळतं. वर सांगितलेले दोन-तीन महिने मात्र थांबा. आधीच्या बाळात दोष असेल आणि झिका चाचणीनं सिद्ध झालेला नसेल, तर जनुकीय कारण नाही ना, ते तपासून घ्या. तसं कारण असेल तर पुढच्या बाळाचा हिशेब वेगळा असतो.